चट्टा नेमका कुठे पडलाय?

एप्रिल-मे महिन्यात गच्चीवरच्या जास्वंदीची पानं पिवळी-पांढरी दिसायला लागली की घरोघरी एकच उपाय होतो: कुंडीत मूठभर खत आणि वर एखाद्या औषधाचा फवारा. फार तर पाणी वाढवलं जातं. पण उन्हाचा चटका, अन्नद्रव्याची कमतरता आणि किडीचा हल्ला या तिन्हींत पानं लांबून सारखीच दिसतात आणि उपाय मात्र एकमेकांच्या उलट असतात. म्हणून चट्ट्याचा रंग बघण्याआधी तो झाडावर कुठल्या जागी आहे ते बघावं.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. नर्सरीत हिरव्या शेडनेटखाली वाढलेली जास्वंद आणून थेट पश्चिमेच्या गच्चीत ठेवली. दोन-तीन दिवसांत वरच्या पानांवर पांढुरके चट्टे आले आणि मग ते वाळून कागदासारखे झाले. हे चट्टे फक्त पश्चिमेकडच्या पानांवर आहेत. त्यातलं एक पान दुसऱ्याच्या आड आलं होतं, तर वरच्या पानाची सावली जिथे पडत होती तेवढाच भाग हिरवा राहिलाय. कीड काही सावलीच्या रेषेवर थांबत नाही, त्यामुळे हे ऊनच. खात्री करायची असेल तर साध्या पेनाने चट्ट्याची कड आखून ठेवा. चार-पाच दिवसांनी तो रेषेबाहेर गेला नसेल, तर मामला तिथेच संपला. ही पानं पुन्हा हिरवी होणार नाहीत, पण कापूही नका. उरलेला हिरवा भाग झाडाला पोसतोच. रोपाला आठवडाभर सकाळचंच ऊन द्या आणि मग हळूहळू वाढवत न्या.

आता त्याच झाडाचा शेंडा बघा. नवी पालवी पिवळी फटक, पण शिरा हिरव्या, म्हणजे पानावर हिरवी जाळी काढल्यासारखी. खालची जुनी पानं मात्र ठीक. ही बहुधा लोहाची कमतरता. लोह झाडात एका पानातून दुसऱ्यात सहज सरकत नाही, म्हणून तुटवडा आधी कोवळ्या पानांत दिसतो. नत्र आणि मॅग्नेशियमचं उलटं आहे. झाड ते जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे पाठवतं, त्यामुळे पिवळेपणा खालून सुरू होतो. नत्राच्या कमतरतेत अख्खं पान फिकं पडतं, तर मॅग्नेशियमच्या कमतरतेत शिरांमधला भाग पिवळा होतो.

गंमत म्हणजे मातीत लोह असूनही झाड उपाशी राहू शकतं. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने माती विम्लधर्मी झाली की लोह अडकून बसतं. कुंडीत पाणी साचून मुळं गुदमरली तरी तेच होतं. म्हणून आधी कुंडीचं भोक उघडं आहे ना, ते पाहा. मग चिलेटेड लोह लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम मिसळून, कापसाच्या बोळ्याने एका पिवळ्या पानाच्या अर्ध्या भागावरच लावा. आठ-दहा दिवसांत तेवढाच अर्धा भाग हिरवा झाला, तर निदान पक्कं. मँगेनीजची कमतरता अशीच दिसते, त्यामुळे नुसत्या नजरेने ठरवण्यापेक्षा ही युक्ती मला जास्त भरवशाची वाटते. नाशिक-सांगलीकडचे द्राक्षबागायतदार तर याच शंकांसाठी पानाचं देठ प्रयोगशाळेत पाठवतात.

उरली कीड. उन्हाळ्यात जास्वंदीवर लाल कोळी येतो. पान लांबून फिकट दिसतं, पण जवळून सुईने टोचल्यासारखे बारीक पांढरे ठिपके दिसतात. ठिपके शिरांची वाट धरत नाहीत आणि सावलीचीही पर्वा करत नाहीत. पानाखाली पांढरा कागद धरून पान टिचकीने झटका. कागदावरचे धुळीसारखे कण क्षणभराने चालायला लागले, तर दुसरा पुरावा नको. हल्ला वाढला की पानामागे आणि देठाशी बारीक जाळीही दिसते.

कोळी हा कीटक नव्हे, त्याला आठ पाय असतात. त्यामुळे पुष्कळ कीटकनाशकं त्याला लागू पडत नाहीत, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि तो फोफावतो. पानांच्या मागच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारा. मग लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून फवारा. अंडी वाचतात, म्हणून पाच-सात दिवसांनी पुन्हा. मात्र हे संध्याकाळीच करा. भर उन्हात तेल पडलं तर पान भाजतं, आणि कोळ्याच्या ठिपक्यांवर उन्हाचे चट्टे चढले की कुठला डाग कशाचा हे ओळखणं आणखी अवघड होतं.