स्लिपवरचे चार अनोळखी आकडे

समजा, मेडिकलच्या दुकानात १,८४० रुपयांचं बिल झालं. गिऱ्हाइकाने पाकीट काढलंच नाही. मोबाइलचं लॉक उघडलं, फोनची पाठ स्वाइप मशीनजवळ नेली, 'बीप' वाजलं आणि पैसे बचत खात्यातून गेले. मशीनमधून निघालेल्या स्लिपवर कार्ड नंबरच्या जागी फुल्या, आणि शेवटी चार आकडे : ९०५२. गिऱ्हाइकाच्या खिशातल्या डेबिट कार्डवर मात्र शेवटचे आकडे आहेत ४४१७.

दुकानदाराची चूक नाही, मशीनचीही नाही. मशीनला खरा कार्ड नंबर कळलाच नाही. तो फोनमध्येही नव्हता. या व्यवहारात खऱ्या नंबराच्या जागी दुसराच एक नंबर वावरला. त्याला टोकन म्हणतात, आणि खरा नंबर झाकून त्याच्या जागी टोकन वापरण्याची ही रीत म्हणजे टोकनायझेशन.

एवढा खटाटोप कशासाठी? कार्डवरचे सोळा आकडे कार्डाची मुदत संपेपर्यंत बदलत नाहीत. किराणा दुकान, पेट्रोल पंप, हॉटेल, सगळीकडे तेच. त्यांतल्या एकाच ठिकाणाहून नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे फुटले, तरी दुसऱ्याला ते वापरता येतात. भारतातल्या साइटवर ओटीपी आडवा येतो, पण परदेशी साइट बऱ्याचदा तो मागत नाहीत. क्रेडिट कार्डावर असं झालं तर भांडण बिलावरून होतं. डेबिट कार्डाचे पैसे आधी खात्यातून जातात, भांडण नंतर. पगार किंवा पेन्शन ज्या खात्यात येते त्याच खात्याचं कार्ड फोनमध्ये ठेवायचं असेल, तर ही व्यवस्था समजून घेतलेली बरी.

टोकनची तांत्रिक चौकट २०१४ मध्ये आली. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१९ मध्ये मोबाइल आणि टॅबलेटवरच्या टोकनला परवानगी दिली. १ ऑक्टोबर २०२२ पासून तर खरेदीच्या साइटना आणि अ‍ॅपना गिऱ्हाइकाचा खरा कार्ड नंबर साठवून ठेवायलाच मनाई झाली. ऑनलाइन खरेदी करताना 'कार्ड सुरक्षित करा' म्हणून विचारणारी खिडकी येते, ती याच नियमामुळे.

आता फोनमध्ये कार्ड जोडतात तेव्हा काय होतं ते पाहू. गुगल पे किंवा सॅमसंग वॉलेटमध्ये कार्डचा नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही भरला की ही माहिती कार्ड नेटवर्ककडे जाते. नेटवर्क म्हणजे कार्डच्या कोपऱ्यात ज्याची खूण असते ते : व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे. नेटवर्क तुमच्या बँकेला विचारतं, 'हे कार्ड या फोनवर जोडू का?' बँक तुमच्या नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवते. तो बरोबर भरला की नेटवर्क एक नवा नंबर तयार करतं. तोही दिसायला कार्ड नंबरासारखाच असतो, नाहीतर दुकानातल्या जुन्या मशीनला तो पचला नसता. हा नंबर फोनमध्ये उतरतो, आणि कोणत्या टोकनमागे कोणतं कार्ड ही नोंद नेटवर्कच्या तिजोरीत राहते. गिऱ्हाइकाला यासाठी काहीही पैसे पडत नाहीत, तसा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे.

देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखंच हे, असं कुणी म्हणेल. निम्मं बरोबर आहे. पण चपलांचा बिल्ला ज्याच्या हातात पडेल त्याला चपला मिळतात. कार्डचं टोकन चोराच्या हाती पडलं तरी त्याला काही मिळत नाही. खरी गंमत इथेच आहे.

टोकन एका ठरावीक फोनला आणि एका ठरावीक कामाला बांधलेलं असतं. त्याच्यासोबत फोनमध्ये गुप्त किल्ल्या उतरलेल्या असतात. मशीनजवळ फोन नेला की मशीन फोनला व्यवहाराची रक्कम, तारीख आणि आपल्या मनाने निवडलेला एक आकडा पाठवतं. फोन यात आपला व्यवहार-क्रमांक मिसळतो आणि गुप्त किल्ली वापरून त्या सगळ्याची एक सांकेतिक सही तयार करतो. ही सही त्या एका व्यवहारापुरतीच. १,८४० रुपयांची सही १,८५० रुपयांना चालत नाही, आणि तीच सही पुन्हा पाठवली तर व्यवहार-क्रमांक जुना निघतो व नकार येतो.

मग टोकन आणि सही मिळून दुकानदाराच्या बँकेकडे जातात आणि तिथून नेटवर्ककडे. नेटवर्क सही तपासतं, तिजोरी उघडून ९०५२ च्या मागे ४४१७ आहे हे पाहतं आणि खरा नंबर फक्त तुमच्या बँकेला कळवतं. बँक शिल्लक बघते, हो म्हणते आणि उत्तर आल्या वाटेने मशीनपर्यंत परत येतं. हे सगळं दोन-चार सेकंदांत. दुकानदार आणि त्याची बँक या दोघांच्याही नोंदीत राहतं ते ९०५२. उद्या त्या दुकानाच्या संगणकातून पाच वर्षांची सगळी बिलं चोरीला गेली, तरी चोराच्या हाती किल्लीविना टोकन लागेल. ते ऑनलाइन चालणार नाही आणि दुसऱ्या फोनमधूनही चालणार नाही.

अँड्रॉइड फोनमध्ये या किल्ल्या थोड्या वापरापुरत्याच असतात, आणि नेट मिळालं की फोन गुपचूप नव्या आणून ठेवतो. त्यामुळे दुकानाच्या तळघरात तुमच्या फोनला रेंज नसली तरी टॅप होतं. नेट लागतं ते मशीनला. यूपीआय असताना हे कशाला, या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हेच : रेंज नसताना क्यूआर कोडसमोर फोन नाचवत उभं राहावं लागत नाही. बाकी दहा रुपयांच्या चहाला यूपीआयच सोयीचं.

गोंधळ उडतो तो वस्तू परत करताना. कपड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक खरं कार्ड पुढे करतं आणि काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "काका, स्लिपवर ९०५२ आहे, तुमच्या कार्डवर ४४१७. दुसरं कार्ड असेल बघा." दुसरं कार्ड नसतंच. अशा वेळी ज्या फोनने पैसे दिले तोच फोन मशीनला लावायचा. दुकानदाराला खात्री हवी असेल तर वॉलेटमध्ये त्या कार्डवर बोट दाबून तपशील उघडा. तिथे टोकनचे शेवटचे चार आकडे दिसतात. गुगलच्या अ‍ॅपमध्ये त्याला Virtual account number म्हटलेलं असतं. रिटर्नची मुदत संपेपर्यंत कार्ड फोनमधून काढू नका. काढून पुन्हा जोडलं तर टोकन नवं मिळू शकतं, आणि मग स्लिप कशाशीच जुळत नाही.

टॅप झालंच नाही तर आधी फोनमध्ये एनएफसी आहे का ते सेटिंगमध्ये पाहा. स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये ते नसतंच. एनएफसी असून चालू असेल, तर बहुधा बँकेकडचा स्विच बंद असतो. २०२० पासूनच्या नियमानुसार नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएमसाठी आणि मशीनमध्ये घालून वापरण्यासाठीच सुरू केलेलं येतं. कॉन्टॅक्टलेस वापर ग्राहकाने बँकेच्या अ‍ॅपमधून स्वतः सुरू करायचा असतो. तिथेच रोजची मर्यादाही ठरवता येते, ती ठरवाच. शिवाय प्रत्येक बँकेचं डेबिट कार्ड प्रत्येक वॉलेटमध्ये चालतंच असं नाही. जोडताना अ‍ॅप नाही म्हणालं तर कार्डात दोष आहे असं समजू नये. पाच हजारांच्या वरच्या रकमेला मशीन कार्डचा पिन विचारतं, तो नेहमीचाच. एनएफसीला जेमतेम चार सेंटिमीटरचं अंतर चालतं, त्यामुळे धातूची पट्टी असलेलं जाड कव्हरही कधी कधी आड येतं.

फोन हरवला तर? टॅपसाठी फोनचं लॉक उघडावं लागतं, म्हणून स्क्रीन लॉक नसलेल्या फोनवर गुगल कार्ड ठेवूच देत नाही; लॉक काढून टाकलं की टोकनही फोनमधून पुसलं जातं. तरीही दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून हरवलेल्या फोनवरचं टोकन बंद करायला सांगायचं. ही तक्रार सहज करता यावी अशी सोय ठेवणं रिझर्व्ह बँकेने बँकांवर बंधनकारक केलं आहे. टोकन गेलं तरी घरातलं कार्ड चालू राहतं. उलट, कार्डच हरवलं तर मात्र टोकन त्याला वाचवू शकत नाही. प्लास्टिकवर नंबर छापलेला आहेच.

आता या सगळ्या तटबंदीचा एक दरवाजा, जो आतूनच उघडतो. वर सांगितलं, की टोकन तयार होतं ते ओटीपी भरल्यावर. नेटवर्कला फोन कुणाचा आहे हे डोळ्यांनी दिसत नाही. भामटा वीजबिल थकल्याचा किंवा कुरिअर अडल्याचा खोटा मेसेज पाठवतो, बनावट पानावर तुमच्याकडून कार्डाची माहिती भरून घेतो आणि ती त्याच क्षणी स्वतःच्या फोनमधल्या वॉलेटमध्ये टाकतो. तुम्हाला ओटीपी येतो. तुम्हाला वाटतं तो पाच रुपये भरण्याचा आहे. प्रत्यक्षात त्या ओटीपीने तुमच्या कार्डचं टोकन त्याच्या फोनवर उतरतं, आणि मग प्रत्येक टॅपची सही तांत्रिकदृष्ट्या अस्सल असते. नंबर लपवणारी सगळी यंत्रणा त्याच्या बाजूने काम करू लागते.

हे ओळखायची जागा एकच : ओटीपीचा मेसेज. पैसे भरण्याच्या ओटीपीत सहसा रक्कम आणि दुकानाचं नाव असतं. कार्ड जोडण्याच्या ओटीपीत रक्कम नसते. टोकन, वॉलेट किंवा डिव्हाइस असे शब्द असतात. आपण स्वतः फोनमध्ये कार्ड जोडत नसताना असा मेसेज आला, तर तो आकडा कुठेही भरू नका आणि बँकेला फोन करा. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवरही लगेच कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार, बँकेची किंवा तुमची चूक नसताना पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. ओटीपी तुम्ही स्वतः दिला असेल, तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचंच.