थर्मोकपल विवर्धक (शीत संधी भरपाईसह)

शीत संधी भरपाई असलेला थर्मोकपल विवर्धक हे थर्मोकपलचा अत्यल्प विद्युतदाब वाढवणारे आणि जोडणीच्या जागेच्या तापमानामुळे त्यात येणारी चूक दुरुस्त करणारे इलेक्ट्रॉनिक मंडल आहे. भिन्न धातूंच्या दोन संधींच्या तापमानांत फरक असल्यास दिसणारा परिणाम टोमास योहान झेबेक यांनी १८२१ मध्ये शोधला. त्यामुळे थर्मोकपल भट्टीचे तापमान थेट सांगत नाही. भट्टीतील तप्त संधी आणि उपकरणाच्या अग्रांवरील शीत संधी यांच्या तापमानांतील फरकानुसार ते विद्युतदाब देते. प्रमाणित तक्ते मात्र शीत संधी ०° से. ला आहे असे गृहीत धरतात.

क्रोमेल-ॲल्युमेल (के प्रकार) थर्मोकपलचा विद्युतदाब तक्त्यानुसार ५००° से. ला २०.६४४ मिलिव्होल्ट असतो. अग्रे २५° से. ला असतील, तर त्यातून १.००० मिलिव्होल्ट वजा होऊन १९.६४४ उरतात. तक्त्यात हा आकडा सुमारे ४७६.५° से. दाखवतो. विवर्धन कितीही अचूक असले तरी ही चूक तशीच राहते.

भरपाईची रचना

हा एक मिलिव्होल्ट परत मिळवण्यासाठी अग्रांजवळ सिलिकॉन डायोड बसवतात. त्यातून स्थिर प्रवाह जात असता त्यावरील विद्युतदाब दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो. थर्मोकपलला हवी असलेली भरपाई अंशाला ४० मायक्रोव्होल्ट, म्हणजे याच्या पन्नासावा भाग असते. ४.९ किलोओहम आणि १०० ओहम या रोधकांचा विभाजक नेमका तेवढाच भाग घेतो. समजा, डायोडवर ०° से. ला ६५० आणि २५° से. ला ६०० मिलिव्होल्ट आहेत. विभाजकातून अनुक्रमे १३ आणि १२ मिलिव्होल्ट मिळतात. स्थिर संदर्भातून घेतलेल्या १३ मिलिव्होल्टमधून हा दाब वजा केला की २५° से. ला बरोबर १ मिलिव्होल्ट उरतो आणि तो थर्मोकपलच्या दाबात मिळवला जातो. त्यानंतर सुमारे २४२ पट विवर्धन केल्यास ५००° से. ला ५ व्होल्ट मिळतात. मधल्या तापमानांना थोडी चूक राहते, कारण थर्मोकपलचा आलेख सरळ रेषा नसतो.

मर्यादा आणि तपासणी

डायोडचे आणि अग्रांचे तापमान एकच असणे ही खरी कळीची अट आहे. डायोड वीजपुरवठ्याच्या तापलेल्या भागाजवळ असून अग्रांपेक्षा ५ अंशांनी गरम असेल, तर मापनही सुमारे तेवढेच जास्त येते. म्हणून दोन्ही एकाच धातूच्या ठोकळ्याला चिकटवतात. डायोडगणिक विद्युतदाब वेगळा असल्याने संदर्भदाब जुळवावा लागतो. विवर्धकाचा स्वतःचा ऑफसेटही लहान हवा. १ मिलिव्होल्ट ऑफसेट म्हणजे जवळजवळ २५ अंशांची चूक.

तपासणी सोपी आहे. थर्मोकपल काढून दोन्ही अग्रे तांब्याच्या तारेने जोडली की मंडलाने अग्रांचे, म्हणजे साधारण खोलीचे, तापमान दाखवले पाहिजे. मग डायोडला बोट लावल्यास आकडा वाढायला हवा. तो घटला, तर भरपाई उलट जोडलेली आहे आणि मूळ चूक दुप्पट होत आहे.