दिवसा मिसवाक, रात्री पेस्ट

रमजान लागला की चांदूर बाजारात अत्तर, टोप्या आणि खजुरांसोबत मिसवाकच्या काड्याही दिसू लागतात. ही काडी पीलूच्या झाडाची. आपल्याकडे बांधावरच्या कडुनिंबाचे आणि बाभळीचे दातवण जुन्या पिढीला ठाऊक आहे, मिसवाक त्याचाच भाऊबंद. पैगंबरसाहेबांनी तिची आवर्जून शिफारस केल्याने तिला सुन्नतचे स्थान आहे. हनफी पंथात रोज्यातही ती दिवसभर चालते. पेस्टची चव मात्र तोंडात राहते आणि ती गिळली गेल्यास रोजा तुटतो, म्हणून अनेक उलेमा दिवसा पेस्ट टाळायला सांगतात.

काडीने दात खरोखर स्वच्छ होतात का? नीट वापरल्यास दातांवरचा चिकट थर काढण्यात मिसवाक ब्रशच्या जवळपास उतरते, असे अनेक छोट्या अभ्यासांत आढळले आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही जिथे तिची परंपरा आहे तिथे तिचा वापर करण्यास पाठिंबा दिला होता. चघळल्याने लाळ सुटते, त्यामुळे रोज्यात कोरड्या पडलेल्या तोंडाचा वासही थोडा कमी होतो.

पण सगळा भार ‘नीट’ या शब्दावर आहे. काडीच्या टोकाची साधारण एक सेंटिमीटर साल काढावी, ते पाण्यात भिजवून चावावे आणि मऊ कुंचला झाला की हिरडीकडून दाताच्या टोकाकडे हलक्या हाताने फिरवावे. रोज जुना कुंचला कापून नवा करावा. आडवे जोरात घासले तर हिरडी मागे सरकते. थंड पाणी लागताच दाताच्या मुळाशी कळ आली, तर ती त्याचीच खूण असू शकते. शिवाय दाढा आणि दातांची जिभेकडची बाजू सरळ काडीने बहुधा सुटते.

दुसरी उणीव फ्लोराइडची. दात किडण्यापासून वाचवण्याचा सर्वांत भक्कम पुरावा फ्लोराइडच्या पेस्टचा आहे आणि काडीतून ते पुरेसे मिळत नाही. तिळाच्या किंवा खोबरेल तेलाच्या गुळण्यांचेही तसेच. आयुर्वेदात त्या जुन्या आहेत, काही छोट्या अभ्यासांत थर थोडा कमी झालेला दिसला, पण कीड थांबते असा भरवशाचा पुरावा नाही. रोज्यात तर तेल घशात जाण्याची भीती असतेच.

इफ्तारचा खजूर आणि गोड सरबत दातांना चिकटून राहिले तर रात्रभर कीड पोसतात, कारण झोपेत लाळ कमी होते. म्हणून तरावीहनंतर, झोपण्यापूर्वी, सुमारे १००० पीपीएम फ्लोराइडच्या पेस्टने दोन मिनिटे दात घासावेत, फेस थुंकावा आणि भरपूर पाण्याने चुळा भरू नयेत. सहरी संपवताना वेळ ठेवून पुन्हा एकदा घासावेत, मात्र रोजा सुरू होण्यापूर्वी तोंड नीट धुवावे. मग दिवसभर प्रत्येक वजूला मिसवाक आहेच.