नुसतं ‘पंधरा-चाळीस’ लिहून भागत नाही

रुग्णवाहिकांचा ताफा सांभाळणारा व्यवस्थापक पुरवठादाराला ऑइलसाठी पत्र लिहितो, तेव्हा ‘15डब्ल्यू-40 डिझेल इंजिन ऑइल पाठवावे’ एवढं सहज लिहून जातो. पण हा आकडा फक्त ऑइलचा पातळ-जाडपणा सांगतो. ते कोणत्या इंजिनाला चालेल, हे त्यातून कळत नाही.

एप्रिल 2020पासून आपल्याकडे बीएस-6 गाड्या आल्या. त्यांच्या डिझेल इंजिनांत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. अडकलेली काजळी जास्त तापमानात जळून जाते. ऑइलमधल्या रसायनांची राख मात्र जळत नाही. ती साठत जाते आणि फिल्टर कायमचा चोंदतो. म्हणून पत्रात ‘एपीआय सीके-4’ हे शब्द हवेतच. या दर्जात राखेचं प्रमाण एक टक्क्याच्या आत ठेवावं लागतं. जुन्या ‘सीआय-4 प्लस’ ऑइलवरही 15डब्ल्यू-40 हाच आकडा असू शकतो, आणि चूक होते ती इथेच. सीके-4 जुन्या इंजिनांनाही चालतं, त्यामुळे मिश्र ताफ्यासाठी एकच ऑइल मागवता येतं. मात्र गाडीच्या पुस्तिकेत वेगळा दर्जा किंवा 5डब्ल्यू-30 लिहिलं असेल, तर पुस्तिकेचंच ऐकायचं.

रुग्णवाहिकेचं आणखी एक दुखणं आहे. ती दवाखान्याच्या दारात एसी आणि उपकरणांसाठी इंजिन चालू ठेवून उभी राहते. किलोमीटर वाढत नाहीत, ऑइल मात्र झिजत राहतं. फेऱ्या जवळच्या असल्या, तर काजळी जाळण्याचं काम अर्धवट राहतं आणि त्यासाठी सोडलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी चढलेली दिसली आणि डिझेलचा वास आला, तर ऑइल लगेच बदलावं. त्यामुळे ऑइल बदलण्याचं अंतर पुस्तिकेतल्या कष्टाच्या वापराप्रमाणेच धरावं.

पुरवठ्याचं वेळापत्रक याच हिशेबातून निघतं. समजा, 20 गाड्या महिन्याला प्रत्येकी 4,000 किलोमीटर धावतात आणि 10,000 किलोमीटरला ऑइल बदलतं. म्हणजे महिन्याला आठ सर्व्हिसिंग. प्रत्येकी आठ लिटर धरले, तर 64 लिटर झाले. वरभरीसाठी थोडं जास्त धरून 20 लिटरच्या चार बादल्या मागवाव्यात आणि पाचवी कायम शिलकीत ठेवावी. 210 लिटरचं बॅरल स्वस्त पडतं, पण ते महिनोन्‌महिने उघडं राहून धूळ आणि ओल धरतं. मला बादल्याच बऱ्या वाटतात.

पत्राचा शेवट असा स्पष्ट असावा: ‘दर महिन्याच्या 5 तारखेच्या आत, सकाळी 10 ते 12 या वेळेत वर्कशॉपमध्ये माल उतरवावा. सील अभंग असावे. चलनावर दर्जा, बॅच क्रमांक व उत्पादनाची तारीख नोंदवावी. सांगितलेला दर्जा उपलब्ध नसल्यास तसे आधी लेखी कळवावे. आमच्या लेखी संमतीशिवाय पर्यायी ऑइल पाठवल्यास ते परत केले जाईल.’