नेट संध्याकाळीच का जातं?

सकाळी सगळं सुरळीत असतं. रात्री साडेआठ-नऊला टीव्हीवर सिनेमा अडखळू लागतो, मुलाचा ऑनलाइन क्लास गोठतो आणि मिनिटाभराने नेट पूर्ण जातं. दोन-तीन मिनिटांत ते आपोआप परत येतं. तक्रार नोंदवली की दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कंपनीचा माणूस येतो, मोबाइलवर स्पीड मोजतो, तो उत्तम निघतो, आणि तक्रार बंद होते. रात्री पुन्हा तेच. अशा घरांत लोक महागडा प्लॅन घेतात, कंपनी बदलतात, आणि नव्या कंपनीचा राउटर जुन्याच जागी, टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात, दार लावून ठेवतात.

दोष बाहेरच्या लाइनमध्ये आहे की घरातल्या डब्यात, हे ओळखायला एक सोपी जागा आहे. वायफायला जोडलेल्या मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. तो राउटरच्या खालच्या स्टिकरवर छापलेला असतो, बहुधा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1. आत गेल्यावर Status किंवा Device Info या पानावर System Uptime अशी ओळ दिसते. राउटर शेवटचा सुरू होऊन किती वेळ झाला, ते तिथे लिहिलेलं असतं. रात्री नेट गेलं-आलं की लगेच ही ओळ पाहायची. वीज गेली नाही, कुणी बटण बंद केलं नाही, तरी तिथे चार-पाच मिनिटं दिसत असतील, तर राउटर स्वतःच बंद पडून पुन्हा सुरू झाला आहे. बाहेरची फायबर तुटली म्हणून राउटर असा रीस्टार्ट होत नाही. उलट तिथे बारा दिवस दिसत असतील आणि LOS लिहिलेला दिवा लाल झाला असेल, तर फायबरमध्येच बिघाड आहे. त्यासाठी माणूस बोलवायलाच हवा.

पुण्यातल्या एका ओळखीच्या घरी नेमका हाच प्रकार होता. शंभर एमबीपीएसचा प्लॅन, राउटर साधारण साडेतीन वर्षांचा. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात राउटर, त्याच्यावर सेट-टॉप बॉक्स, मागे एक्स्टेंशन बोर्डावर दोघांचे अडॅप्टर खेटून लावलेले, आणि धूळ बसू नये म्हणून राउटरवर भरतकामाचा रुमाल. रात्री दहाच्या सुमारास Uptime पाहिलं तर चौदा मिनिटं. काकू म्हणाल्या, “पण दिवे तर सगळे हिरवे आहेत, मग अडॅप्टर कसा बिघडेल?” दिवे लागतात म्हणजे अडॅप्टर ठीक, असा बहुतेकांचा समज असतो आणि दोष वर्षभर सापडत नाही तो याच समजामुळे.

अडॅप्टरमध्ये काय चालतं ते थोडं पाहू. भिंतीतली २३० व्होल्टची वीज दिशा बदलत येते, आणि आत ती एकाच दिशेने वळवली की तिचे सेकंदाला शंभर झटके तयार होतात. हे झटके कपॅसिटर नावाचा छोटा दंडगोल सपाट करतो. नगरपालिकेचं पाणी ठरावीक वेळीच आलं तरी गच्चीवरच्या टाकीमुळे नळाला दिवसभर धार राहते, तसं हे काम. मग तीच वीज आतल्या सर्किटने तुकडे करून १२ व्होल्टवर आणली जाते आणि बाहेर पडण्याआधी दुसरा कपॅसिटर ती पुन्हा स्थिर करतो. या कपॅसिटरमध्ये ओलसर रसायन असतं, आणि उष्णतेने ते हळूहळू सुकतं. जितकं सुकेल तितकी त्याची साठवण्याची ताकद घटते.

त्याचं आयुष्य किती, याचा एक ढोबळ नियम तंत्रज्ञ वापरतात: तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. स्वस्त अडॅप्टरमधल्या कपॅसिटरवर बरेचदा १०५ अंशांना २००० तास असं आयुष्य दिलेलं असतं. अडॅप्टरच्या आत ६५ अंश असतील तर या हिशेबाने ते ३२ हजार तास होतं, म्हणजे दिवसरात्र चालू ठेवल्यास साडेतीन वर्षांच्या आसपास. तोच अडॅप्टर बंद कप्प्यात कोंडला आणि आतलं तापमान ७५ वर गेलं, तर हिशेब १६ हजार तासांवर येतो, म्हणजे दोन वर्षंही नाहीत. राउटर चोवीस तास चालतो, त्यामुळे घरातल्या इतर चार्जरपेक्षा हा अडॅप्टर लवकर म्हातारा होतो.

कपॅसिटर थकला तरी अडॅप्टर एकदम मरत नाही. राउटर निवांत असताना तो व्होल्टेज पुरवत राहतो. राउटरमधल्या चिपला स्वतःला जेमतेम एक ते साडेतीन व्होल्ट लागतात, ते आतच तयार होतात, म्हणून १२ चे १० व्होल्ट झाले तरी हिरवे दिवे लागलेलेच राहतात. पण रात्री घरातले चार मोबाइल, टीव्ही आणि लॅपटॉप एकदम जोडले गेले, दोन्ही वायफाय पट्टे जोरात प्रसारण करू लागले, की राउटर जास्त करंट ओढतो. थकलेला अडॅप्टर त्या क्षणी खाली बसतो, व्होल्टेज चिपच्या किमान मर्यादेखाली घसरतं आणि राउटर रीस्टार्ट होतो. सकाळी घरात कुणी नसतं, करंट कमी लागतो, म्हणून कंपनीच्या माणसाला काहीच सापडत नाही.

मल्टिमीटरनेही इथे फसगत होते. त्या घरचा अडॅप्टर सुटा मोजला तेव्हा १२.२ व्होल्ट आले, म्हणजे अगदी नवा वाटावा असे. दुरुस्तीच्या दुकानात त्याला एक अँपिअरचा लोड लावला तेव्हा ते ९.८ वर आले आणि पुढेही घसरतच राहिले. लेबलावर मात्र १.५ अँपिअर लिहिलेलं होतं. लोडशिवाय मोजलेलं व्होल्टेज काहीच सिद्ध करत नाही. घरी लोड लावणं जमणार नाही, त्यापेक्षा तेवढ्याच व्होल्टचा दुसरा चांगला अडॅप्टर दोन-तीन संध्याकाळ लावून पाहणं सोपं.

नवा घेताना व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत. १२ व्होल्टच्या राउटरला ९ किंवा ५ चा लावू नये आणि १५ चा तर मुळीच नाही. अँपिअर जुन्याइतके किंवा जास्त चालतात, कारण राउटर लागेल तेवढाच करंट घेतो. पिन बरोबर बसते का आणि लेबलावरच्या चित्रात आतल्या टोकाला अधिक चिन्ह जुळतं का, ते पाहावं. बीआयएसची खूण आणि R- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक नसलेला अडॅप्टर घेऊ नये. ज्यांच्याकडे वीज जाते म्हणून राउटरला मिनी यूपीएस जोडला आहे, त्यांनी त्याच्याकडेही संशयाने पाहावं. जुन्या बॅटरीचा यूपीएस असाच खाली बसतो. तो मधून काढून राउटर दोन दिवस सरळ अडॅप्टरवर चालवला की कळतं.

त्या घरी अडॅप्टर बदलल्यावर रीस्टार्ट थांबले, Uptime चार दिवसांवर गेलं. वेग मात्र रात्री अजून मंदच होता. हा दुसरा दोष, आणि तो गरमीचा.

साध्या घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात बहुधा कामाचं तापमान ० ते ४० अंश दिलेलं असतं, आणि ते राउटरभोवतीच्या हवेचं असतं, खोलीचं नव्हे. राउटर आणि सेट-टॉप बॉक्स मिळून वीस वॅटच्या आसपास उष्णता सोडतात. खोलीत ती सहज विरते, पण लाकडी बंद कप्प्यात लाकूड उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि हवाही हलत नाही. आम्ही कप्प्यात साधा खोलीचा थर्मामीटर ठेवला. बाहेर ३३ अंश होते, तासाभरात आत ४७ झाले. मे महिन्यात विदर्भात तर बाहेरच ४५ असतात. चिप ठरावीक तापमानाला पोचली की अनेक राउटर स्वतःला वाचवायला वेग कमी करतात किंवा वायफायची ताकद उतरवतात. तरीही भागलं नाही तर बंद पडतात. म्हणून राउटर बंद पडला की तो अडॅप्टरनेच पडला असं लगेच ठरवू नये. दोन्ही कारणं वेगळी काढायची, तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

रीस्टार्ट केल्यावर बरं वाटतं, हाही एक चकवा. अर्धा मिनिट बंद ठेवून सुरू केल्यावर पुन्हा मंद होत असेल, पण पंधरा मिनिटं बंद ठेवल्यावर तासभर नीट चालत असेल, तर तो गरमीचा दोष समजावा, कारण दुसऱ्या वेळी राउटरला थंड व्हायला वेळ मिळालेला असतो. याहून खात्रीची चाचणी म्हणजे कप्प्याचं दार उघडून समोर टेबलफॅन लावणं आणि एक संध्याकाळ पाहणं. लॅपटॉप असेल तर कमांड प्रॉम्प्टवर हे चालू ठेवा:

```
ping -t 192.168.1.1
```

हा पत्ता राउटरचाच आहे, बाहेरच्या नेटचा नाही. राउटरजवळ बसून नेहमी काही मिलिसेकंदांत उत्तर येतं. ते शेकड्यात गेलं किंवा मध्येच Request timed out आलं, तर अडचण घरातच आहे.

राउटर बाहेर काढला तेव्हा धुळीचं खरं रूप दिसलं. राउटरला हवा खालच्या आणि वरच्या बारीक फटींतून मिळते: खालून थंड हवा आत येते, वरून गरम बाहेर जाते. वरच्या फटी रुमालाने झाकलेल्या होत्या, आणि खालच्या फटींवर करड्या लवीचा जाड थर बसला होता. नखाने ओढला तर चटईसारखा निघाला. उदबत्तीचा धूर आणि फोडणीचा तेलकटपणा यामुळे धूळ तिथे चिकटते. एका कोपऱ्यात मुंग्यांनी घर केलं होतं; ऊब असल्यामुळे मुंग्या-झुरळं अशा डब्यात शिरतात.

सफाई अवघड नाही. प्लग काढायचा, थंड होऊ द्यायचा, मग कोरड्या मऊ ब्रशने फटी झाडायच्या. ओलं फडकं वापरू नये आणि कंपनीच्या मालकीचा डबा उघडू नये. अडॅप्टर बोर्डाच्या सॉकेटमध्ये सैल बसत असेल तर सॉकेट बदलावं, कारण सैल संपर्काने जाणारी वीजही रात्रीच्या नेटसारखीच वागते. मग राउटर कप्प्याबाहेर, उघड्या जागी उभा किंवा भिंतीवर लावावा, भोवती चार बोटं मोकळी ठेवावीत, टीव्हीच्या मागे आणि फ्रिजवर नको. त्या घरी तो शोकेसच्या वर आला. टीव्हीशेजारी मोबाइलवर २० च्या आत मिळणारा वेग त्या रात्री ९० च्या आसपास गेला. त्यात दार आणि लाकडाचा अडथळा गेल्याचाही वाटा आहे, सगळं श्रेय थंडाव्याला देता येणार नाही.

हे सगळं करूनही लांबच्या बेडरूममध्ये रेंज मिळत नसेल, तर प्रश्न भिंतींचा आहे. त्याला अडॅप्टर किंवा ब्रशचा उपयोग नाही. Uptime बारा दिवस आणि LOS लाल असेल, तर कंपनीला बोलवा. पण तक्रार करताना नेट किती वाजता गेलं, तेव्हा Uptime किती होतं आणि कोणता दिवा कोणत्या रंगाचा होता, हे तीन तपशील लिहून ठेवा आणि सकाळी आलेल्या माणसाला दाखवा.