पॅड धुवू नका, गुंडाळा!

पॅड कधी बदलायचं, कोणतं घ्यायचं, यावर आता शाळेतही थोडंफार बोललं जातं. पण वापरलेल्या पॅडचं काय करायचं, हा प्रश्न आला की सगळ्या गप्प. कुणी ते काळ्या पिशवीत गाठ मारून टाकतं, कुणी फ्लश करतं, कुणी खिडकीतून मागच्या बोळात फेकतं. आणि बऱ्याच घरांत आई-आजीची एक सूचना असतेच : ‘टाकण्याआधी स्वच्छ धुवून टाक.’

या सूचनेमागची भावना समजण्यासारखी आहे. रक्त दिसायला नको, वास यायला नको, कुत्र्याने ओढायला नको. काही ठिकाणी साप येतो, मूल होत नाही अशी भीतीही घातलेली असते. पण आजच्या पॅडसाठी ही सूचना उलटी पडते. ती कापडाच्या घडीसाठी ठीक होती, कारण कापड पुन्हा वापरायचं असतं. पॅड पुन्हा वापरायचं नसतं, आणि ते कापडाचं बनलेलंही नसतं.

पॅडच्या पोटात काय असतं?

बाजारातल्या बहुतेक पॅडचा वरचा मऊ थर आणि खालचा न गळणारा थर, दोन्ही प्लॅस्टिकचेच प्रकार असतात. मधे लाकडाच्या लगद्याचा कापूस आणि त्यात मिसळलेली पांढरी पावडर असते. ही पावडर ओलावा शोषून घेते आणि तिची जेली होते. गंमत अशी, की खारट द्रवापेक्षा साधं पाणी ती खूप जास्त शोषते. रक्त खारट असतं, नळाचं पाणी नसतं. म्हणजे नळाखाली धरलेलं पॅड स्वच्छ होण्याऐवजी आणखी फुगतं, जड होतं, फाटतं आणि त्यातली जेली मोरीत जाते. वर रक्ताचं पाणी सगळीकडे होतं ते वेगळंच.

फ्लश केलं तरी हेच घडतं. पॅड विरघळत नाही, पाइपच्या वळणावर फुगून बसतं. सेप्टिक टँकपर्यंत पोचलंच तर तिथे कुजत नाही, फक्त जागा अडवतं. मग तुंबलेला चेंबर उघडायला माणूस बोलावला जातो. हाताने मैला साफ करून घ्यायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी अशा वेळी तो माणूस हातच घालतो, हे आपल्या सगळ्यांना माहीत असतं.

लाल ठिपक्याची गोष्ट

पॅड घराबाहेर गेल्यावर कुणाच्या हातात पडतं, हे बघायचं तर पुण्याचं उदाहरण घेऊ. तिथे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरोघरी जाऊन कचरा गोळा करते. या कामात बायका मोठ्या संख्येने आहेत. सुक्या कचऱ्यातला कागद, बाटल्या, पत्रा वेगळा काढून विकायचा, त्यावर त्यांची कमाई अवलंबून असते. त्यामुळे प्रत्येक पुडकं, प्रत्येक गाठ मारलेली पिशवी उघडून बघावी लागते. आत पॅड आहे हे हात लागल्यावर कळतं. हिपॅटायटिस बी या आजाराचा विषाणू सुकलेल्या रक्तातही किमान ७ दिवस जिवंत राहू शकतो, हे लक्षात घेतलं तर हा फक्त किळस येण्याचा प्रश्न राहत नाही.

या कचरावेचकांनी २०१३ मध्ये एक धाडसी गोष्ट केली. वापरलेले पॅड त्यांनी ते बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवले. मागणी अशी होती, की पॅडसोबत ते टाकायची पिशवीही तुम्हीच द्या. पुढे २०१६ च्या घनकचरा नियमांत कंपन्यांनी प्रत्येक पॅडसाठी पिशवी किंवा वेष्टन देण्याची आणि वापरणाऱ्याने ते नीट गुंडाळून टाकण्याची तरतूद आली. आणि पुण्यातून एक साधी खूण पुढे आली : गुंडाळलेल्या पुडक्यावर लाल ठिपका. ठिपका दिसला की पुडकं उघडायचं नाही, बाजूला ठेवायचं.

घरी हे असं करता येईल. पॅड काढल्यावर न धुता एका टोकाकडून आतल्या बाजूला घट्ट गुंडाळायचं, म्हणजे रक्ताची बाजू आत जाते आणि मागची चिकटपट्टी बाहेर राहते. नव्या पॅडचं वेष्टन त्यावर चढवायचं, ते चिकटपट्टीला आपोआप चिकटतं. मग वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानात दोन्ही टोकं आत दुमडून पुडी बांधायची आणि मार्करने ठळक लाल ठिपका काढायचा. नेलपॉलिशही चालतं. ही पुडी ओल्या कचऱ्यात कधीच नाही. तुमच्याकडे सॅनिटरी कचऱ्याचा वेगळा डबा असेल तर त्यात, नसेल तर सुक्या कचऱ्यासोबत पण वेगळी धरून घंटागाडीत द्यायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका. आत ओल कोंडते, वास वाढतो आणि पुढे जाळताना प्लॅस्टिकमध्ये भर पडते. आणि हो, हे पान वाचून झालं की तेही चालेल!

शाळेतलं मशीन आणि त्याची राख

‘आमच्या शाळेत मशीन आहे,’ असं अनेकजणी सांगतात. भिंतीवरचं ते छोटं विजेचं यंत्र पॅड जाळतं. पण नीट जळण्यासाठी आत ८०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं. ते मिळतंय की नाही, हे थर्मामीटर न लावता कळू शकतं. राखेचा ट्रे उघडून बघा. भुरभुरीत, करडी राख असेल तर ठीक. काळे गोळे, चिकट धागे, अर्धवट कापूस दिसला तर पॅड जळलेलं नाही, फक्त करपलंय. वर्गात जळक्या प्लॅस्टिकचा वास येत असेल तर धुराडं नीट बाहेर काढलेलं नाही. अशा वेळी मशीन बंद ठेवून डबा वापरणं जास्त सुरक्षित.

मशीन बिघडण्याची दोन कारणं नेहमीची. सांगितल्यापेक्षा जास्त पॅड एकदम कोंबले जातात, आणि धुतलेले ओले पॅड टाकले जातात. ओल्या पॅडमधलं पाणी उकळण्यातच बरीचशी उष्णता खर्च होते. पुन्हा तेच : धुवू नका. लाकूड-कागदावर चालणारी विटांची भट्टी, घरामागे पेटवलेला कचरा किंवा चूल तर एवढी तापतच नाही. तिथे पॅड जाळलं की प्लॅस्टिकचा विषारी धूर थेट आपल्याच श्वासात येतो.

पाणीच नसेल तर?

आता एक हिशेब करू. समजा, दुष्काळी तालुक्यातली एक शाळा आहे. आठवी ते दहावीच्या १२० मुली. पाळी २८ दिवसांनी येते आणि ५ दिवस राहते असं धरलं, तर कोणत्याही एका दिवशी साधारण २१ मुली पाळीत असतात. पॅड चार ते सहा तासांनी बदलावं, म्हणजे शाळेच्या वेळेत प्रत्येकीचं एक. दिवसाला २१ पॅड.

प्रत्येकीने पॅड धुवून टाकायचं ठरवलं आणि एकाला ३ लिटर पाणी लागलं, तर रोज ६३ लिटर, म्हणजे तीन बादल्यांहून जास्त. टँकरवर चालणाऱ्या शाळेत हे शक्य नाही. मग मुली पॅड बदलतच नाहीत, सकाळचं संध्याकाळपर्यंत वापरतात किंवा घरीच राहतात. तेच न धुता गुंडाळलं, तर पाणी फक्त हात धुवायला लागतं. पॅड बदलण्याआधी आणि नंतर, साबणासह, अर्धा लिटर पुरतं. म्हणजे २१ जणींना मिळून साधारण साडेदहा लिटर, अर्धी बादली. १२ पानी वर्तमानपत्राच्या एका अंकातून १२ पुड्या होतात, म्हणजे रोज दोन जुने अंक पुरतात. पुडी मुठीएवढी होते. पायाने उघडणारा, झाकणाचा १० लिटरचा डबा दिवसभर पुरेल. मात्र तो स्वच्छतागृहाच्या आत हवा, व्हरांड्यात नको. सगळ्यांसमोर पुडी टाकायला कुणीही जाणार नाही.

नळ नसेल तर पाच लिटरचा कॅन आडव्या काठीला टांगायचा, झाकणाखाली बारीक भोक पाडायचं आणि कॅनला दोरी बांधून तिचं दुसरं टोक जमिनीवरच्या काठीला जोडायचं. पायाने काठी दाबली की कॅन कलतो, बारीक धार येते. तोटीला रक्ताचा हात लागत नाही आणि पाणीही कमी जातं.

अवघड भाग पुढे आहे. गावात घंटागाडीच येत नसेल तर पुड्या न्यायच्या कुठे? खोल खड्डा हे उत्तर दिलं जातं. वैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत त्याचे निकष आहेत : २ मीटर खोल, विहिरीपासून लांब, जनावरं पोचणार नाहीत असा, भूजल खड्ड्याच्या तळापासून किमान ६ मीटर खाली. कचरा टाकला की दरवेळी १० सेंटिमीटर माती, आणि अर्धा भरला की चुना व माती टाकून बंद. आपल्या शाळेचा आठवड्याचा कचरा साधारण ३८ लिटर. एक मीटर लांब-रुंद खड्ड्यात मातीसह आठवड्याला १४ सेंटिमीटर थर चढेल. म्हणजे खड्डा दोन महिन्यांच्या आतच भरेल, आणि प्लॅस्टिक तिथेच राहील. त्यामुळे खड्डा ही तात्पुरती सोय. आठवड्याला एक झाकणबंद ड्रम जवळच्या नगरपंचायतीच्या गाडीपर्यंत पोचवायचं ठरवून घेणं, हे शाळा आणि ग्रामपंचायतीने बसून सोडवायचं काम आहे.

कॅम्पला जाताना

एनएसएसचा सात दिवसांचा कॅम्प, गडावरचा ट्रेक, अशा ठिकाणी आपल्यावरही हीच वेळ येते. बॅगेत कापलेले वर्तमानपत्राचे तुकडे, घट्ट झाकणाचा एक जुना डबा, साबणाचा तुकडा आणि अर्ध्या लिटरची वेगळी बाटली ठेवा. पुडी डब्यात टाकून पहिल्या योग्य कचरापेटीपर्यंत परत आणा. दगडाखाली लपवलेलं किंवा ओढ्याकाठी उथळ पुरलेलं पॅड कुत्री उकरतात आणि पावसात ते पाण्यात जातं.

कापडी पॅड कचरा वाचवतात, पण त्यांना भरपूर पाणी आणि उन्हात वाळवायला जागा लागते. कॅम्पवर दोन्ही नसतं. मेन्स्ट्रुअल कप १२ तासांपर्यंत राहतो, त्यामुळे सकाळी आणि रात्री रिकामा केला तरी चालतं आणि टाकायला काहीच उरत नाही. पाणी नसेल तर स्वच्छ कागदाने पुसून पुन्हा घालता येतो, हात मात्र धुतलेलेच हवेत. पाळीच्या आधी आणि नंतर तो पाण्यात बुडवून पाच मिनिटं उकळायचा. पण कप पहिल्यांदा कॅम्पवर वापरून बघू नका. सवय व्हायला एक-दोन महिने लागतात, ते घरीच जाऊ द्या.