वहीतला घसारा वेगळा, इन्कम टॅक्सचा वेगळा. छोट्या फर्मनं हिशेब नीट तपासावा

तालुक्यात गावोगावी आता धान्य सफाईची, प्रतवारीची, मसाला कांडपाची यंत्रं बसली आहेत. बरीच यंत्रं दोघा-तिघांनी मिळून घेतलेली असतात आणि त्यासाठी भागीदारी फर्म काढलेली असते. यंत्र चालतं, चार पैसे मिळतात, मार्च संपला की हिशेब टॅक्सवाल्याकडं जातो. त्या हिशेबात "घसारा" नावाची एक ओळ असते. ही ओळ कशी काढली यावर टॅक्स किती भरायचा हे ठरतं. म्हणून ती समजून घेऊ.

घसारा म्हणजे काय?

यंत्र 10 लाखाला घेतलं म्हणून ते सगळे 10 लाख त्याच वर्षीचा खर्च होत नाहीत, कारण यंत्र पुढं दहा वर्षं काम देणार असतं. म्हणून ती किंमत थोडी थोडी करून दरवर्षीच्या खर्चात टाकतात. त्या तुकड्याला घसारा म्हणायचं. घसारा जास्त धरला तर त्या वर्षीचा नफा कमी दिसतो, कमी धरला तर नफा जास्त दिसतो. खिशातून मात्र त्या वर्षी काही जात नाही, पैसे यंत्र घेतानाच गेलेले असतात.

तुकडे पाडायच्या दोन पद्धती आहेत.

पहिली सरळ रेषा पद्धत. समजा यंत्र 10,00,000 चं आहे, दहा वर्षं चालेल आणि शेवटी भंगारात 1,00,000 येतील. मधले 9,00,000 दहा वर्षांवर सारखे वाटायचे, म्हणजे दरवर्षी 90,000. दहाही वर्षं आकडा तोच.

दुसरी घटत्या शिल्लकेची पद्धत. टॅक्सवाले तिला डब्ल्यूडीव्ही म्हणतात. इथं टक्केवारी ठरलेली असते, पण ती मूळ किमतीवर न लावता उरलेल्या किमतीवर लावतात. साध्या यंत्रसामग्रीला इन्कम टॅक्सचा दर 15 टक्के आहे. पहिल्या वर्षी 10,00,000 चे 15 टक्के म्हणजे 1,50,000. उरले 8,50,000. दुसऱ्या वर्षी त्याचे 15 टक्के म्हणजे 1,27,500. उरले 7,22,500. तिसऱ्या वर्षी 1,08,375. असा आकडा दरवर्षी उतरत जातो.

नवा ट्रॅक्टर शोरूमबाहेर काढून वर्षभर वापरला की त्याची किंमत एकदम उतरते, पण आठव्या वर्षाहून नवव्या वर्षी फारशी उतरत नाही. दुसरी पद्धत साधारण त्याच चालीनं जाते.

टॅक्ससाठी निवड आपल्या हातात नाही

इथंच बऱ्याच जणांची गल्लत होते. आपल्या वहीत, म्हणजे नफा-तोटा पत्रकात, भागीदारी फर्म सरळ रेषा पद्धत वापरू शकते. शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर तिला कंपनी कायद्याप्रमाणं यंत्राचं आयुष्य धरावं लागतं, पण पद्धत दोन्हींपैकी कोणतीही चालते. इन्कम टॅक्ससाठी मात्र घटती शिल्लकच धरावी लागते. सरळ रेषेची सवलत फक्त वीज तयार करणाऱ्या उद्योगांना आहे. बाकी कुणालाही नाही.

म्हणजे एकाच यंत्राचे दोन घसारे निघतात, एक वहीतला आणि एक टॅक्सचा. दोन्ही खरेच असतात, पण टॅक्स दुसऱ्यावर भरायचा असतो.

दोन भावांच्या फर्मचा हिशेब

समजा दोन भावांची धान्य सफाई-प्रतवारीची फर्म आहे. यंत्र 10,00,000 चं, एप्रिलमध्येच सुरू झालेलं. मजुरी, वीज, व्याज, भाडं सगळं वजा जाऊन वर्षाला 4,00,000 उरतात. यात घसारा अजून धरलेला नाही. भाऊ फर्ममधून पगार घेत नाहीत असं धरू.

वहीत घसारा 90,000. वहीतला नफा 3,10,000.

आता टॅक्सचा नफा काढायचा. त्यासाठी आधी वहीतला घसारा परत मिळवायचा: 3,10,000 अधिक 90,000, झाले 4,00,000. मग टॅक्सचा घसारा वजा करायचा: 4,00,000 वजा 1,50,000, उरले 2,50,000. हा झाला करपात्र नफा.

भागीदारी फर्मला टॅक्स पहिल्या रुपयापासून 30 टक्के लागतो, वर त्या टॅक्सवर 4 टक्के सेस. सगळं मिळून 31.2 टक्के. फर्मला एकट्या माणसासारखी ठरावीक रकमेपर्यंतची माफी नसते. म्हणून 2,50,000 वर टॅक्स येतो 78,000. वहीतल्या 3,10,000 वर भरला असता तर आला असता 96,720. फरक 18,720 रुपयांचा.

पहिल्या तीन वर्षांत घटत्या शिल्लकेनं एकूण 3,85,875 घसारा मिळतो आणि सरळ रेषेनं 2,70,000. टॅक्समध्ये हा फरक सुमारे 36,000 रुपयांचा पडतो. कर्जाचे हप्ते अंगावर असतात तेव्हा ही रक्कम लहान नाही.

पण ही कायमची बचत नव्हे, हेही लक्षात घ्या. चौथ्या वर्षी टॅक्सचा घसारा 92,119 वर येतो, म्हणजे दोन्ही जवळजवळ सारखे. पाचव्या वर्षी तो 78,301 होतो आणि तिथून पारडं उलटं फिरतं. दहाव्या वर्षी तर फक्त 34,743 मिळतात. धंदा तेवढाच चालला तरी पाचव्या वर्षापासून टॅक्स वहीतल्या नफ्याच्या मानानं जास्त येणार. "नफा तोच, मग टॅक्स का वाढला?" असं कुणी विचारलं तर उत्तर हेच. आधी मिळालेली सूट पुढं हळूहळू परत जाते. मधल्या काळात पैसे आपल्याकडं वापरायला राहतात, एवढाच फायदा.

धंदा एकट्या माणसाच्या नावावर असेल तर गोष्ट वेगळी. 2025-26 या वर्षापासून नव्या कर पद्धतीत धंद्याचं असं उत्पन्न 12 लाखांपर्यंत असलं तर रिबेटमुळं टॅक्स शून्य होतो. तिथं घसारा 90,000 धरला काय आणि 1,50,000 धरला काय, त्या वर्षी खिशाला फरक पडत नाही. तोट्या-नफ्याचा खरा प्रश्न फर्म आणि कंपनीचा आहे.

चूक कुठं होते?

काही ठिकाणी वहीतला 90,000 चा आकडाच उचलून रिटर्नमध्ये टाकतात. काही जण मुद्दाम सांगतात, "बँकेला नफा जास्त दाखवायचाय, यंदा घसारा घेऊ नका." यात दुहेरी नुकसान आहे. कायद्यात घसारा ऐच्छिक नाही. तुम्ही मागा अथवा न मागा, तो घेतलाच असं धरलं जातं.

म्हणजे पहिल्या वर्षी 1,50,000 ऐवजी 90,000 घेतले तरी दुसऱ्या वर्षीची सुरुवातीची शिल्लक 9,10,000 होत नाही, 8,50,000 च राहते. मधले 60,000 हातचे गेले, ते पुढच्या वर्षी मागता येत नाहीत. चूक वेळेत कळली तर मुदतीच्या आत सुधारित रिटर्न भरता येतं.

ओळखायचं कसं? फर्मचं रिटर्न `ITR-5` मध्ये भरतात. त्याची पीडीएफ मागून घ्या. `Schedule DPM` मध्ये यंत्रांची सुरुवातीची शिल्लक, 15 टक्के घसारा आणि शेवटची शिल्लक दिसते. गेल्या वर्षीची शेवटची शिल्लक हीच यंदाची सुरुवातीची असली पाहिजे. मग `Schedule BP` मध्ये वहीतला घसारा मिळवलेला आणि टॅक्सचा घसारा वजा केलेला दिसतो का ते बघा. वहीत सरळ रेषा असताना दोन्हीकडं एकच आकडा दिसला तर विचारायला जागा आहे.

3 ऑक्टोबरची तारीख

यंत्र त्या आर्थिक वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरलं तर पहिल्या वर्षी निम्माच दर मिळतो, 15 ऐवजी साडेसात टक्के. साध्या वर्षात 3 ऑक्टोबरला यंत्र सुरू झालं तर 31 मार्चपर्यंत बरोबर 180 दिवस भरतात. 4 ऑक्टोबरला सुरू झालं तर 179 होतात. आपल्या उदाहरणात एका दिवसानं घसारा 1,50,000 वरून 75,000 वर येतो आणि टॅक्स 23,400 नं वाढतो. उरलेले 75,000 बुडत नाहीत, शिल्लकेत राहतात आणि पुढच्या वर्षांत हळूहळू मिळतात.

यात बिलाची तारीख बघत नाहीत, यंत्र वापरात कधी आलं ते बघतात. आपल्याकडं यंत्र ऑगस्टमध्ये येऊन पडतं आणि थ्री फेज मीटर डिसेंबरला मिळतो. तसं झालं तर पहिल्या वर्षी निम्माच घसारा. म्हणून मीटर जोडणीचा कागद, पहिलं वीजबिल आणि पहिल्या गिऱ्हाइकाची पावती जपून ठेवा.

अनुदान आणि रोख रक्कम

घसारा कोणत्या किमतीवर काढायचा, हेही बघावं लागतं. यंत्रासाठी सरकारी अनुदान मिळालं तर तेवढी रक्कम किमतीतून वजा होते. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान असतं. 10,00,000 च्या यंत्रावर 3,50,000 मिळाले तर टॅक्ससाठी किंमत 6,50,000 आणि पहिल्या वर्षीचा घसारा 97,500. पूर्ण 10 लाखावर घसारा लावला असेल तर तो पुढं तपासणीत उडतो आणि टॅक्स व्याजासकट भरावा लागतो.

दुसरं म्हणजे रोखीचे पैसे. एका विक्रेत्याला एका दिवसात 10,000 पेक्षा जास्त रक्कम रोख दिली तर ती रक्कम यंत्राच्या किमतीत धरत नाहीत. विक्रेत्यानं "दोन लाख रोख द्या, स्वस्तात देतो" म्हटलं तर त्या दोन लाखांवर कधीच घसारा मिळणार नाही, हे धरून भाव करा. आरटीजीएस किंवा अकाउंट पेयी चेकनं पैसे दिले की ही अडचण येत नाही.

ही यंत्रं केवळ स्वतःच्या शेतात वापरत असाल तर हा सगळा हिशेब लागत नाही, कारण शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे. आणि फर्म उलाढालीच्या 8 किंवा 6 टक्के अंदाजे नफा दाखवून टॅक्स भरत असेल तर त्यात घसारा आलाच असं मानतात, वेगळा मिळत नाही. यंत्राची शिल्लक मात्र तिथंही दरवर्षी 15 टक्क्यांनी उतरतच राहते. पुढं कधी नेहमीच्या हिशेबावर यायचं झालं तर ती उतरलेली शिल्लकच धरावी लागते.